तीन मिनिटं आणि शाळेचं गीत

"जेवणाच्या आधी हात पसरायचे? आलेल्याला आधी ताट, मग बाकीचं. तुझ्या आईनं एवढं शिकवलं नाही का, लुदी?"

"शिकवलं ना. आणि हेही शिकवलं, की पोट भरलेला माणूस आधी चपला शोधतो."

"म्हणजे आपले माजी विद्यार्थी पळकुटे?"

"पळकुटे नाहीत. जेवलेले. गेल्या वर्षी मी माईक हातात घेतला तेव्हा समोर कोण होतं, सांग. खुर्च्या गोळा करणारे दोघं, लेचोनच्या अख्ख्या भाजलेल्या डुकराचं उरलेलं डोकं आणि तू. आणि तूही पेंगत होतास."

"मी डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत ऐकत होतास."

माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष अ‍ॅटर्नी सालुस्तियानो देओकाम्पो यांच्याशी असं बोलायची हिंमत गावात फक्त मनांग लुदीला होती. दोघं एकाच बॅचचे. त्यामुळे तो तिला लुदी म्हणायचा आणि ती त्याला तियान. राग आला की मात्र 'अ‍ॅटर्नी'. आम्ही बाकीचे सगळे तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणायचो. आमच्या आयासुद्धा.

लुदिविना पाल्मारेस शाळेचे गणवेश शिवते. गेली तीसेक वर्षं तीच शिवते. बाजारातल्या तिच्या गाळ्यावर पाटी नाही, लागतही नाही. गावातल्या प्रत्येक पुरुषाची बाराव्या वर्षीची कंबर तिला पाठ आहे आणि त्याचा उपयोग ती भांडणात करते. नवा कस्टम अधिकारी तिच्यावर एकदा ओरडला, तर ती शांतपणे म्हणाली, "तोतो, तुझ्या पँटीला मी दोनदा मागून कापड जोडलंय. आवाज खाली." तोतो म्हणजे आमच्याकडे बाळ. अधिकारीसाहेबांनी आवाज खाली केला.

हे सगळं शिवणकाम ती शिकली ते शाळेच्या गृहविज्ञानाच्या खोलीत. माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सभेच्या आधीच्या मंगळवारी हे दोघं भांडत होते तेही त्याच खोलीच्या व्हरांड्यात. मी त्याच शाळेत शिकवते, नाटकं बसवते. पडद्याचं कापड मागायला गेले होते आणि भांडण रंगलेलं बघून कठड्यावर बसले.

आत शिवणयंत्रांवर प्लास्टिक अंथरलं होतं. वादळानं छताचे पत्रे उचलून नेले त्याला दोन वर्षं झाली. नगरपालिकेनं दुरुस्तीचा अर्धा खर्च द्यायचं कबूल केलं होतं. उरलेला अर्धा माजी विद्यार्थ्यांनी नवीन वर्ष लागायच्या आत उभा करायचा. नाही केला, तर खोली धोकादायक ठरवून पाडायची आणि त्या जागी गाड्या लावायची सोय करायची. गेल्या वर्षी आवाहन सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. हे शेवटचं वर्ष.

"ठीक आहे," अ‍ॅटर्नी म्हणाले. "समज, आवाहन जेवणाआधी. पण त्याच्याआधी बॅचवार भाषणं आहेत. ती संपेपर्यंत लेचोनची साल चामड्यासारखी होते. लोक माझ्या नावानं शिव्या घालतात."

"म्हणून प्रत्येक बॅचला तीन मिनिटं."

"तीन मिनिटं कागदावर. मनोंग क्रिस्पुलोला तू थांबवणार? ऐंशी पार केलेल्या माणसाला? घंटा वाजवून? लाज नाही वाटणार?"

खरी गोम इथंच होती. आमच्याकडे ज्याला मनोंग, म्हणजे दादा, म्हणतात त्या थोरल्या माणसाला मध्येच थांबवत नाहीत. त्याला तहान लागेपर्यंत ऐकतात. आणि बॅचा बोलतात त्या वयानुसार, आधी सगळ्यात जुनी. जुन्यांना कुणी अडवायचं नाही, मग मधले म्हणतात आम्ही काय घोडं मारलंय, आणि रांगेच्या टोकाला उभ्या नव्या पोरापोरींचा नंबर लागेपर्यंत वाढपी परात आपटायला लागतात. गेल्या वर्षी शेवटच्या तीन बॅचांना नुसता हात हलवून बसावं लागलं होतं. त्यातली एक बॅच माझी.

मनांग लुदीनं सवयीनं दातात टाचणी धरल्यासारखे ओठ मिटले. मग म्हणाली, "शाळेचं गीत सुरू झालं की काय करतो आपण?"

"उभे राहतो. सगळे."

"आणि बोलणारा?"

"बोलणारा कसला? तोही उभा राहून गा–" अ‍ॅटर्नी थांबले. "नाही. लुदी, नाही. शाळेचं गीत म्हणजे काय प्रेशर कुकरची शिट्टी आहे?"

"पहिल्या दोन ओळी फक्त. मिस सुमागायसायच्या पोरांची रोंदाल्या, ती सगळी तारवाद्यांची मंडळी, बसलेलीच असते स्टेजच्या बाजूला, तारा छेडत. तीन मिनिटं झाली की त्यांनी सुरू करायचं. कुणी कुणाला थांबवत नाही. गीतच सुरू झालं, त्याला कोण काय करणार? म्हातारा असो, कंत्राटदार असो, उभं राहायचं, गायचं, खाली उतरायचं. टाळ्या."

"हा अपमान आहे."

"कुणाचा? गीताचा की लांब बोलणाऱ्यांचा?"

अ‍ॅटर्नींना हसू आवरलं नाही, आणि कोर्टात असो की व्हरांड्यात, हसला तो वकील हरला. मग उरलेल्या गोष्टींवर घासाघीस झाली. सुरुवातीला बॅचप्रमाणे न बसता धंद्याप्रमाणे बसायचं, हे त्यांनी नाक मुरडत मान्य केलं. खलाशी एका टेबलावर, नर्सेस दुसऱ्या, मास्तर, व्यापारी, शेतीवाले, आणि "नोकरी शोधतोय" अशी पाटी कुठंच नाही. ज्याला जे काम हवंय त्यानं त्या टेबलावर जाऊन बसायचं.

देणगीची पाकिटं बॅचवार, आणि आकडा जाहीर करायचा नाही. इथं ते पुन्हा भडकले.

"आकडा सांगितला नाही तर चढाओढ कशी लागणार?"

"लागते रे चढाओढ. आणि ज्यांना झेपत नाही ते मान खाली घालून बसतात आणि पुढच्या वर्षी येतच नाहीत. बॅचचं नाव घेऊ, आभार मानू. बास."

"बरं. सगळं तुझं. पण माझी एक अट." त्यांनी चष्मा काढला. "आवाहन तू करणार. आणि पत्रे-खिळ्यांचा हिशेब नाही सांगायचा. तुझी गोष्ट सांगायची. ती खोली, ते वर्ष. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं की हात खिशात जातो. मी तीस वर्षं कोर्टात उभा आहे, मला माहीत आहे."

मनांग लुदीनं आत यंत्रांकडे पाहिलं.

"ते नको, तियान."

"मग पैसे कुठून आणतेस?"

"बरं," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "तू काय बसलीयस? पडदा हवाय ना, मोजमाप दे."

ती गोष्ट काय, ते मला दोन दिवसांनी कळलं. गाळ्यावर पडदा आणायला गेले तर ती यंत्राच्या पाट्यावर घड्याळ ठेवून स्वतःशीच बोलत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही नाटकवाले. ऐक आणि सांग, कुठं खोटं वाटतं."

खोटं कुठंच वाटलं नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी बाप मासेमारीला गेला तो परतला नाही. आई शहरात मोलकरीण म्हणून राहिली. लुदी आणि धाकटा भाऊ काकाच्या घरी, आणि काका प्यायचा. गृहविज्ञानाच्या बाईंनी खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. चार महिने ती दोघं त्या खोलीत, कापायच्या टेबलाखाली झोपली. सकाळी पोरी यायच्या आत गोधडी कपाटात. कुणाला कळलं नाही. वर्गातल्यांना नाही, अध्यक्ष व्हायच्या आधीच्या तियानला तर नाहीच. त्याला ते पुढं बाईंच्या मयताला कळलं, बाईंच्या बहिणीकडून.

"भाऊ येतोय यंदा," ती म्हणाली. "दुबईहून. बायको, पोरं घेऊन. त्यानं बायकोला हे सांगितलेलं नाही."

"मग नको ना सांगूस, मनांग."

"खोली गेली तर?" तिनं घड्याळ उलटं ठेवलं. "बघ, बरोब्बर बसतं. तीन मिनिटांच्या आत, एक श्वास राखून. कापड कसं, शिवणीला थोडं सोडावं लागतं."

मग तिनं पडद्याची घडी माझ्या हातात दिली.

सभेच्या दिवशी आमचं छपराखालचं मैदान फुग्यांनी भरलं होतं. प्रत्येक बॅचचे आपापल्या रंगाचे टी-शर्ट, आणि टेबलं मात्र धंद्याची, त्यामुळे दारातच गोंधळ. पिवळे पिवळ्यांना शोधत होते, जांभळे म्हणत होते आम्हाला का फोडलं. मनांग लुदी दारात उभी राहून एकेकाला ढकलत होती. "तू नर्स ना? तिकडं. नवऱ्याला सोड, तो कुठं पळत नाही. आणि पळाला तर तुझं नशीब."

अर्ध्या तासात कुरकुर थांबली. खलाशांच्या टेबलावर माझ्याच बॅचची ओलिंपिया जाऊन बसली होती. डेक कॅडेटचा कोर्स करून वर्षभर घरी बसलेली. समोर सत्तर सालच्या बॅचचे एक कॅप्टन. ते तिला मुलाखतीसारखं काही विचारत नव्हते, दोरीची गाठ मारायला सांगत होते. टेबलावरच्या रिबिनीची. तिनं मारली. त्यांनी ओढून बघितली आणि खिशातून कार्ड काढलं.

मग भाषणं. मिस सुमागायसाय रोंदाल्याच्या पोरांसमोर पाठ ताठ करून बसल्या होत्या. गणित शिकवतात. त्यांना मनांग लुदीनं माझ्यासमोर बजावलं होतं, "कुणीही असो. मेयर असो, मी असो. तीन म्हणजे तीन."

"मला दोनदा सांगू नका, मनांग," मिस म्हणाल्या होत्या. "मला आकडा कळतो."

पहिले मनोंग क्रिस्पुलो. त्यांच्या बॅचचे दोघंच उरलेत, त्यातले एक चाकाच्या खुर्चीत. मनोंग पायऱ्या चढायला लागले आणि मिसची नजर घड्याळाकडे गेली. मनांग लुदी लगेच माईकवर, "वेळ पहिल्या शब्दापासून. पायऱ्या फुकट." लोक हसले. मनोंग वर पोचले, मैदानाकडे बघत बराच वेळ उभे राहिले, आणि मग युद्धानंतर बेंचं नव्हती तेव्हा नारळाच्या ओंडक्यावर बसून शिकलो तिथून सुरू केलं. ओंडक्यांवरून मास्तरांवर आले, मास्तरांवरून मास्तरांच्या घोड्यावर. घोडा पावसात अडकला होता, तेवढ्यात तारा वाजल्या.

सगळे उठले. मनोंग दचकले, टोपी काढली आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायला लागले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी माईक ओठांजवळ नेला.

"घोडा वाचला," ते म्हणाले आणि उतरले. इतक्या टाळ्या त्यांना कधी मिळाल्या नसतील.

पुढं सगळं सुरळीत. यजमान बॅचच्या वेन्सेस्लाओ तुपासनं, तो घरं बांधतो आणि निवडणुकीचं बघतोय, आपल्या नव्या वसाहतीचा नकाशाच आणला होता. नकाशा उलगडेपर्यंत त्याची वेळ संपली. तो हात पसरून नकाशा धरूनच गायला. टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "वेन्सो, तुझं सगळ्यात छान भाषण." त्यालाही हसू आलं. आणि शेवटी शेवटी आमची बॅच. ओलिंपिया बोलली. दीड मिनिटातच संपवलं. पण उभी राहिली, माईकवर नाव घेतलं, लोकांनी ऐकलं. गेल्या वर्षी जी मिळाली नव्हती ती जागा मिळाली.

लेचोनचा वास पसरला होता. कुणी उठत नव्हतं, कारण ताटं अजून आली नव्हती.

मनांग लुदी माईकवर गेली. तिचा भाऊ व्यापाऱ्यांच्या टेबलावर होता, शेजारी बायको, मांडीवर धाकटी. मी त्यांच्या मागेच होते. तो हातातला पेपर नॅपकिन चुरगाळत होता.

"माझं शिवणकाम तुम्ही सगळ्यांनी घातलंय," ती म्हणाली. "काहींनी फाडलंही." हसणं. मग तिनं खोलीबद्दल सांगितलं. पत्रे उडाले, नगरपालिका अर्धं देणार, उरलेलं आपण, नाहीतर खोली पाडणार. हे अगदी तिनं गाळ्यावर म्हटलेल्या शब्दांत, त्याच गतीनं. मग म्हणाली, "त्या खोलीत माझं शेवटचं वर्ष गेलं."

समोरच्या टेबलावर अ‍ॅटर्नींनी हात बांधून मान हलवली. आता.

भाऊ टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"त्या खोलीत," मनांग लुदी म्हणाली, "आठ यंत्रं होती. पायानं चालवायची." आणि यंत्रांबद्दल सांगायला लागली. कोणत्या यंत्राचा पट्टा सैल होता. कोणतं उलटा टाका घालायचं. तिसऱ्यावर कोण बसायचं आणि कोण कुणाचं रीळ चोरायचं, नावानिशी, आणि नावं घेतलेल्या बाया टेबलांवरून "खोटं आहे" म्हणून हसत होत्या. यातलं काहीच गाळ्यावर नव्हतं. अ‍ॅटर्नींनी हात सोडले. बोटानं खूण केली, मुद्द्यावर ये. ती चौथ्या यंत्रावर आली.

"आणि हे सगळं मी का सांगतेय," ती शेवटी म्हणाली, "तर त्या वर्षी मी आणि माझा–"

तारा वाजल्या.

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मिस सुमागायसाय ताठ बसल्या होत्या, हात वर. पोरं वाजवत होती. मग चारशे खुर्च्या एकदम मागं सरकल्या आणि हशा उठला. जिनं सगळ्यांना कापलं तीच कापली गेली होती. मनोंग क्रिस्पुलो हसता हसता सोबत्याची चाकाची खुर्ची धरून उभे राहिले. मनांग लुदीनं माईक खाली केला, हात छातीवर ठेवला आणि सगळ्यांबरोबर गायला लागली.

दोन ओळी झाल्या. पोरं थांबली. लोक थांबले नाहीत. आता थांबायचं कारण नव्हतं, पुढं कुणाचं भाषणच नव्हतं. सकाळपासून ज्या गीताचं नुसतं टोक चाखलं होतं ते त्यांनी पुरं गायलं, पोरांना मागून पळत गाठावं लागलं. तिसऱ्या कडव्यात ओळ आहे, तुझ्या छपराखाली आम्ही कुणी परके नव्हतो, अशी. रोज सकाळी म्हटलेली, कधी न ऐकलेली. त्या ओळीला आवाज थोडा बसला, एवढंच.

गाणं संपल्यावर अ‍ॅटर्नी ताडकन उठले. आकडे नाहीत, फक्त बॅचचं नाव आणि आभार. पाकिटं टेबलांवरच होती, पण आता पिवळे पिवळ्यांकडे, जांभळे जांभळ्यांकडे धावले, सकाळपासूनची ताटातूट भरून काढत. पाकिटं फिरली, त्यामागून ताटं आली. वेन्सोनं नकाशा गुंडाळला आणि पत्रे माझ्याकडून, म्हणाला, माईकशिवाय. आमच्या बॅचचं पाकीट पातळ होतं. नाव तेवढ्याच मोठ्यानं घेतलं गेलं.

लेचोनची साल कुरकुरीत होती. त्याचं कौतुक पुढं आठवडाभर चाललं.

दुपार उतरता उतरता खजिनदार बाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि अ‍ॅटर्नींच्या कानात बोलल्या. ते खाली बसले. मग मला म्हणाले, "छप्पर झालं. पाडत नाहीत." पुन्हा म्हणाले, "पाडत नाहीत," जणू मीच पाडणार होते.

मनांग लुदी मागच्या बाजूला उरलेला भात डब्यांत भरत होती. तिला सांगितलं. तिनं डबा ठेवला, पदराला पुसावे तसे हात स्कर्टला पुसले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. खांदे असे खाली आले की मला वाटलं ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा खांदे खाली सोडून उभी आहे. तिचा भाऊ कुठूनसा आला. भातातला डाव उचलला आणि भात भरायला लागला. त्याची धाकटी तिच्या पायाला बिलगली, तिनं सवयीनं पोरीच्या फ्रॉकची शिवण चाचपली.

"कुणी शिवलाय हा? सुटेल महिन्यात. संध्याकाळी आण."

अ‍ॅटर्नी तिथंच उभे होते. कोर्टात उलटतपासणीला उभे राहतात तसे, अंगठे पट्ट्यात.

"लुदी, मला एक सांग. तू घड्याळ लावून सराव केलास ना? ही म्हणते."

मी जमिनीकडे पाहिलं.

"केला," ती म्हणाली.

"तीन मिनिटांच्या आत बसत होतं?"

"बसत होतं."

"मग ती आठ यंत्रं कुठून आली?"

मनांग लुदीनं डब्याचं झाकण दाबून लावलं. पोरीला कडेवर घेतलं.

"मी तुला ओळखतो. तू अंदाजानं कापलेलं कापड सुताभरही चुकत नाही. मुद्दाम केलंस की नाही? एवढंच सांग. हो की नाही?"

तिनं डबा भावाच्या हातात दिला, चपला पायात सरकवल्या, आणि पोरीच्या कानाशी शाळेच्या गीताच्या पहिल्या दोन ओळी गुणगुणत मैदान ओलांडून फाटकाबाहेर पडली.